पाच वर्षांनंतरच्या टेम्पोची आजची किंमत

भुसार मालाचा व्यापार करणारे आमच्या परिचयातील एक वडीलधारे गृहस्थ गेल्या महिन्यात आपल्या चिरंजीवांसह घरी आले. त्यांना सारा बाजार अण्णा म्हणतो. पेढीचा जुना टेम्पो आता दुरुस्तीलाच अधिक खातो, म्हणून नवा घ्यावयाचा होता. बापलेकांत मतभेद होता आणि दोघांनीही आपापला कागद आणला होता.

चिरंजीव म्हणाले, "काका, टेम्पो १० लाखांचा आहे. बँकेचे कर्ज १० टक्क्यांनी घेतले तर पाच वर्षे दरमहा २१,२४७ रुपयांचा हप्ता बसतो. लीजवाले तोच टेम्पो दरमहा २०,००० रुपये भाड्याने देतात. शिवाय भाडे सगळेच्या सगळे खर्चात धरता येते. मग विकत घ्यायचा कशाला?"

अण्णांचे उत्तर एका वाक्याचे होते. "पाच वर्षे पैसे भरायचे आणि शेवटी गाडी परत द्यायची, हा कसला व्यवहार?"

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, पण दोघांचाही हिशेब अपुरा होता. चिरंजीवांनी दरमहाच्या दोन रकमा शेजारी ठेवल्या होत्या. परंतु हप्ता फिटल्यावर टेम्पो पेढीचा राहतो आणि भाडे संपल्यावर तो कंपनीकडे परत जातो, हा भेद त्या दोन रकमांत कोठेच नव्हता. अण्णांना तो भेद अचूक दिसत होता; पण पाच वर्षांनी हाती राहणाऱ्या टेम्पोला किती रुपये येतील आणि त्या रुपयांचे आजचे मोल काय, हे त्यांनी मांडले नव्हते. त्या सायंकाळी आम्ही तिघांनी जो हिशेब मांडला, तोच येथे देत आहे.

तुलना न्याय्य व्हावयाची तर तीन गोष्टी समान हव्यात. दोन्ही पर्यायांचा काळ एकच, म्हणजे पाच वर्षे धरावा. प्रत्येक रक्कम प्राप्तिकर वजा जाता खिशातून प्रत्यक्ष किती गेली, या स्वरूपात मांडावी. आणि वेगवेगळ्या वर्षी जाणाऱ्या व येणाऱ्या रकमा आजच्या किमतीत आणाव्यात. कारण पाच वर्षांनी मिळणारा रुपया आजच्या रुपयाएवढा नसतो. विमा, डिझेल, चालकाचा पगार व दुरुस्ती हे खर्च अण्णांच्या व्यवहारात दोन्हीकडे पेढीनेच करावयाचे होते, म्हणून ते दोन्ही बाजूंनी वगळले. तुमच्या करारात दुरुस्ती किंवा विमा भाड्यातच धरलेला असेल, तर तेवढी रक्कम भाड्यातून आधी वजा करावी.

अण्णांची पेढी भागीदारीची आहे. तिला ३० टक्के प्राप्तिकर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ३१.२ टक्के कर पडतो. म्हणून १० टक्के व्याजाचे कर्ज पेढीला प्रत्यक्षात ६.८८ टक्क्यांनाच पडते, कारण व्याजाच्या रकमेवरील कर वाचतो. सोयीसाठी आम्ही ७ टक्के दर धरला. भाडेपट्टा हा एक प्रकारे कर्जाचाच पर्याय असल्याने पुढील सर्व रकमा आजच्या किमतीत आणण्यास हाच दर योग्य ठरतो. येथे एक सावधानता आवश्यक आहे. हा दर वापरला की कर्जाचे हप्ते व व्याज वेगळे मांडावयाचे नसतात. करोत्तर हप्ते करोत्तर व्याजदराने आजच्या किमतीत आणले तर बेरीज पुन्हा १० लाखच येते. म्हणून खरेदीच्या बाजूस सरळ १० लाख लिहावेत. १० लाखही लिहावयाचे आणि व्याजही जोडावयाचे, ही चूक अनेक कागदांवर दिसते. तीत व्याज दोनदा मोजले जाते आणि खरेदी उगीचच महाग भासते.

आता भाड्याची बाजू. दरमहा २०,००० म्हणजे वर्षाचे २,४०,००० रुपये. ते पूर्णपणे व्यवसायखर्चात धरले जात असल्याने ३१.२ टक्के कर वाचतो आणि पेढीवरील खरा भार १,६५,१२० रुपये उरतो. हिशेब सोपा राहावा म्हणून प्रत्येक वर्षाची रक्कम वर्षअखेरीस धरली. पाच वर्षे दर वर्षअखेरीस एक रुपया द्यावयाचा असेल, तर ७ टक्के दराने त्याची आजची किंमत ४ रुपये १० पैसे होते. म्हणून भाडेपट्ट्याचा आजचा एकूण भार सुमारे ६,७७,००० रुपये ठरला.

खरेदीची बाजू थोडी लांब आहे. आज १० लाख जातात. त्याबदली दरवर्षी घसारा मिळतो. स्वतःचा माल वाहणाऱ्या टेम्पोला घसाऱ्याचा दर १५ टक्के आहे. भाड्याने चालविण्याचा व्यवसाय असणाऱ्या मालमोटारींना ३० टक्के दर मिळतो. वाहन विकणारा कधीकधी तोच दर कागदावर दाखवितो, पण तो व्यापारी पेढीला लागू नाही. घसारा दरवर्षी उरलेल्या रकमेवर मोजला जातो, त्यामुळे तो उतरत जातो. त्यापासून होणारी करबचत अशी आली:

पहिले वर्ष: घसारा १,५०,०००, करबचत ४६,८००
दुसरे वर्ष: घसारा १,२७,५००, करबचत ३९,७८०
तिसरे वर्ष: घसारा १,०८,३७५, करबचत ३३,८१३
चौथे वर्ष: घसारा ९२,११९, करबचत २८,७४१
पाचवे वर्ष: घसारा ७८,३०१, करबचत २४,४३०

या पाचही बचती ७ टक्के दराने आजच्या किमतीत आणल्या तर सुमारे १,४५,४०० रुपये होतात. म्हणजे पुनर्विक्रीचा विचार करण्यापूर्वी खरेदीचा भार ८,५४,६०० रुपये आहे. भाड्याच्या ६,७७,००० रुपयांहून तो पावणेदोन लाखांनी अधिक आहे. चिरंजीवांचा चेहरा येथे उजळला. पण हिशेब अजून संपला नव्हता, कारण टेम्पो अजून पेढीच्या दारात उभा होता.

पाच वर्षांनंतर वह्यांमध्ये, म्हणजे करहिशेबात, या टेम्पोची किंमत ४,४३,७०५ रुपये उरते. बाजारात मात्र त्याला ३,५०,००० रुपये येतील, असा अण्णांचा अंदाज होता. मग उरलेल्या ९३,७०५ रुपयांचे काय? बहुतेक जण ही रक्कम तोटा म्हणून त्याच वर्षी खर्ची टाकता येईल असे समजतात. तसे होत नाही. प्राप्तिकराच्या दृष्टीने टेम्पो एकटा नसतो. १५ टक्के घसाऱ्याची सर्व यंत्रे व वाहने मिळून एक गट असतो. टेम्पो विकला की विक्रीची रक्कम गटाच्या किमतीतून वजा होते. राहिलेले ९३,७०५ रुपये गटातच राहतात आणि पुढे वर्षानुवर्षे १५ टक्क्यांनी घसारा देत राहतात. अशा रीतीने गटात राहिलेल्या एका रुपयापासून पुढे जी करबचत होत राहते, तिची किंमत ७ टक्के दराने सुमारे २१ पैसे येते. पूर्ण ३१ पैसे नव्हे. त्यानुसार ९३,७०५ रुपयांचे मोल सुमारे १९,९०० रुपये झाले.

विक्रीचे ३,५०,००० आणि हे १९,९०० मिळून पाच वर्षांनंतरचे ३,६९,९०० रुपये. त्यांची आजची किंमत २,६३,८०० रुपये. ती ८,५४,६०० मधून वजा केली तर खरेदीचा खरा भार ५,९०,८०० रुपये उरला. भाड्याचा भार ६,७७,०००. म्हणजे दरमहा १,२४७ रुपयांनी स्वस्त दिसणारे भाडे वस्तुतः सुमारे ८६,००० रुपयांनी महाग होते.

चिरंजीवांनी रास्त प्रश्न विचारला. "काका, पण हे सगळे साडेतीन लाखांवर उभे आहे. तेवढे आलेच नाहीत तर?"

हाच या संपूर्ण विषयाचा गाभा आहे. भाडे करारात लिहिलेले असते, कर्जाचा दर मंजुरीपत्रात असतो, घसारा कायद्यात असतो. पुनर्विक्रीची किंमत मात्र कोठेही लिहिलेली नसते आणि निकाल बहुधा तीच ठरविते. म्हणून ती किती येईल हे विचारण्याऐवजी प्रश्न उलटा करावा: किती किंमत आली असता दोन्ही पर्याय समान ठरतील? पुनर्विक्रीचा प्रत्येक जादा रुपया गटातून वजा होऊन पुढची २१ पैशांची करबचत घालवितो, म्हणून तो ७९ पैशांचाच उरतो. आणि त्या ७९ पैशांची आजची किंमत ५६ पैसे होते. खरेदी ८६,२०० रुपयांनी स्वस्त आहे. त्याला ५६ पैशांनी भागले तर सुमारे १,५४,००० येतात. तेवढे ३,५०,००० मधून वजा केले की १,९६,००० रुपये उरतात. हा समतोलाचा आकडा. पाच वर्षांनी टेम्पोला १,९६,००० हून अधिक आले तर खरेदी फायद्याची, कमी आले तर भाडे फायद्याचे.

आता अण्णांना नेमका अंदाज बांधण्याची गरज उरली नाही. पाच वर्षे वापरलेला, चालू स्थितीतील त्याच जातीचा टेम्पो दोन लाखांच्या खाली जातो काय, एवढेच त्यांना पाहावयाचे होते, आणि ते बाजारात फिरून कळते. मात्र विचारताना जुन्या गाड्यांचा व्यापारी किती रुपयांस विकतो ते न विचारता तो किती रुपयांस घेईल ते विचारावे, आणि दलाली वजा करावी. विम्याच्या कागदावरील किमतीवर विसंबू नये. विम्यात चार ते पाच वर्षांच्या वाहनाला नव्या किमतीतून ५० टक्के घट धरण्याची रीत आहे. त्या हिशेबाने दहा लाखांच्या टेम्पोचे पाच लाख दिसतात. ती किंमत चोरी वा संपूर्ण नुकसानीची भरपाई ठरविण्यासाठी असते. त्या किमतीस गिऱ्हाईक मिळेल असे त्यातून ठरत नाही.

हीच मांडणी यंत्राला लावली तर निकाल उलटू शकतो. समजा, दहा लाखांचे पाकीटबंद करणारे यंत्र आहे, भाडेही तेवढेच आहे. पण पाच वर्षांत नवे तंत्र येऊन त्याला लाखाच्या वर कोणी देणार नाही. अशा वेळी वह्यांतील ४,४३,७०५ पैकी ३,४३,७०५ रुपये गटात अडकून पडतात. खरेदीचा भार ७,३१,१०० रुपये होतो आणि भाडे ५४,००० रुपयांनी स्वस्त ठरते. येथे पुस्तकी तोटा त्याच वर्षी खर्ची पडेल असे गृहीत धरणारा हिशेबनीस पाचव्या वर्षाची करबचत ३४,००० रुपयांनी फुगवून दाखवील. ज्या वस्तूला जुन्या बाजारात गिऱ्हाईक आहे ती विकत घ्यावी आणि जिचे मोल तंत्राबरोबर ओसरते ती भाड्याने घेण्याचा विचार करावा, असे जे जाणते व्यापारी सांगतात, त्यामागचा हिशेब हा आहे.

दुसरी कळ व्याजदराची. अण्णांना बँक १० टक्क्यांनी कर्ज देत होती. ज्या पेढीला ते मिळत नाही आणि बाहेरून साडेसतरा टक्क्यांनी रक्कम उभारावी लागते, तिचा करोत्तर दर १२ टक्के होतो. त्या दराने साडेतीन लाखांची तीच पुनर्विक्री धरूनही खरेदीचा भार ६,६२,५०० आणि भाड्याचा ५,९५,२०० रुपये येतो. म्हणजे भाडे ६७,००० रुपयांनी स्वस्त. कर्जाचा दर चौदा टक्क्यांच्या आसपास असता हे दोन्ही भार समान होतात. याचा अर्थ लीज कंपनी भाड्याच्या रूपाने जे व्याज घेत आहे ते साडेतीन लाखांच्या अंदाजानुसार साधारण चौदा टक्के पडते. भाड्याच्या कागदावर व्याजाचा दर लिहिलेला नसतो. तो असा काढावा लागतो. "लीजमुळे कॅश क्रेडिटची मर्यादा मोकळी राहते," असेही चिरंजीवांना सांगण्यात आले होते. बँकेत कर्जप्रकरणे पाहिलेल्या माणसाचा अनुभव असा, की दरमहा वीस हजारांची पाच वर्षांची बांधिलकी अधिकारी खात्याच्या उताऱ्यात पाहतोच आणि परतफेडीच्या क्षमतेतून ती वजा करतोच.

हा हिशेब कोठे बदलतो तेही सांगणे अगत्याचे आहे. जे व्यापारी प्राप्तिकराच्या अनुमानित उत्पन्न योजनेत आहेत, त्यांचा नफा उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने धरला जातो. त्यांना भाड्यावरही वेगळी करबचत नाही आणि घसाऱ्यावरही नाही. त्यांनी कर सोडून, कर्जाच्या पूर्ण १० टक्के दराने तुलना करावी. याच टेम्पोसाठी खरेदीचा भार ७,८२,७०० आणि भाड्याचा ९,०९,८०० रुपये येईल, आणि समतोलाचा आकडा १,४५,००० पर्यंत उतरेल. "भाडे पूर्ण खर्चात धरता येते" हे वाक्य त्यांच्यापुरते निरर्थक आहे.

तसेच टेम्पो हीच त्या गटातील एकमेव वस्तू असेल, तर विक्रीनंतर गटच संपतो. मग उरलेली रक्कम अल्पकालीन भांडवली तोटा ठरते आणि ती व्यापाराच्या नफ्यातून वजा करता येत नाही. गटात पुढे मिळणारे ते २१ पैसेही मग धरू नयेत. वर्षाच्या उत्तरार्धात घेऊन १८० दिवसांहून कमी वापर झाला, तर पहिल्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. याची भीती अनेकांना वाटते. पण राहिलेला घसारा पुढे मिळतोच, त्यामुळे या उदाहरणात त्याचा आजचा फटका सात हजारांच्या आतबाहेरच आहे. तेवढ्यासाठी हंगामात गाडी अडवून ठेवू नये.

वस्तू व सेवा कर आम्ही धरला नाही, कारण मालवाहू टेम्पोवर तो खरेदीत भरला काय किंवा भाड्यात भरला काय, करपात्र मालाची विक्री करणाऱ्या, नियमित नोंदणी असलेल्या पेढीला त्याची वजावट मिळते. मात्र वजावट घेतलेल्या कराच्या रकमेवर घसारा मागता येत नाही. घरच्या वापरासारख्या प्रवासी मोटारीवर ही वजावट सर्वसाधारणपणे खरेदीतही नाही आणि भाड्यातही नाही. तेथे दोन्ही बाजूंना तो कर मिळवूनच मांडणी करावी.

निघण्यापूर्वी आम्ही भाड्याचा करार पुन्हा वाचला. त्यात साठ हजारांची बिनव्याजी अनामत होती. ती पाच वर्षांनी परत मिळाली तरी आजच्या किमतीत तिचा भार सुमारे सतरा हजार होतो, आणि तो दरमहाच्या वीस हजारांत दिसत नव्हता. वर्षाला ठरावीक किलोमीटरपेक्षा अधिक धाव झाल्यास जादा आकार होता. परत देताना "सर्वसाधारण झिजेपलीकडील" नुकसानीची भरपाई होती आणि ते नुकसान ठरविण्याचा अधिकार कंपनीकडे होता. मुदतीपूर्वी टेम्पो परत केल्यास उरलेल्या भाड्याचा मोठा हिस्सा द्यावा लागणार होता. पोत्यांची चढउतार करणाऱ्या टेम्पोचा हौदा पाच वर्षांत कसा होतो, हे अण्णांना कोणी सांगावयास नको होते.

दुसऱ्या दिवशी चिरंजीव स्वतः जुन्या गाड्यांच्या तीन व्यापाऱ्यांकडे जाऊन आले. त्याच जातीच्या पाच वर्षांच्या टेम्पोला घेणारे दर २,९०,००० ते ३,४०,००० असे मिळाले. अण्णांचा साडेतीन लाखांचा अंदाज थोडा उदारच होता. पण सर्वांत कमी दरही १,९६,००० च्या बराच वर राहिला. टेम्पो बँकेच्या कर्जाने, पेढीच्या नावे घेण्याचे ठरले. पाकीटबंद यंत्राचा प्रस्ताव आला आहे. त्याचा समतोलाचा आकडा चिरंजीवांनी या वेळी स्वतःच काढून आणला आणि त्या यंत्राला जुन्या बाजारात घेणारे कोण आहेत, याची चौकशी ते सध्या करीत आहेत.